वहिनीचं उलटं पथ्य

दरवर्षी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी शटल शिकवते आणि दरवर्षी त्या तासाला अर्धा वर्ग पेंगतो. जेवणानंतरचा तास, कलबुर्गीचं ऊन, वरून बायोकेमिस्ट्री. मलाही राग येतो, पण तो मुलांचा नाही, पुस्तकांचा. इतकी सुंदर गोष्ट पुस्तकात अशी मांडतात की ती परीक्षेपुरती पाठ करून विसरायची असते असंच कुणालाही वाटावं.

गोष्ट साधी आहे. पेशीत साखर फुटते ती बाहेरच्या अंगणात, आणि ती फुटताना निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच नावाचा रेणू अंगावर घेतो. त्या इलेक्ट्रॉनांपासून शक्ती बनते ती मात्र आत, मायटोकॉन्ड्रियात. आणि मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याला एनएडीएचसाठी दारच नाही. मग तो आपलं ओझं दुसऱ्याच्या अंगावर देतो, तो दुसरा आत जातो, तिथं ओझं उतरवतो आणि रूप बदलून परत बाहेर येतो. ही ने-आण म्हणजे शटल. "एनएडीएच स्वतः आत जात नाही, फक्त त्याचं ओझं जातं," हे वाक्य मी फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित करते. मुलं ते उतरवून घेतात आणि पेंगतात.

ह्या शटलमुळं माझ्या घरातलं एक माणूस जाता जाता राहिलं. ते सांगायचं आहे.

आमचं गाव भालकी तालुक्यातलं. घरी अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अव्वा म्हणजे आमची आई, आणि वहिनी. घरात मराठी, कानडी दोन्ही, भांडण कुठल्या भाषेत सुरू होईल आणि कुठल्या भाषेत संपेल ह्याचा नेम नाही. वहिनी वयानं माझ्याहून लहान, पण थोरल्या भावाची बायको म्हणून मी तिला वहिनी म्हणायचं आणि तिनं मला अक्का. अंगानं काडी, पण कामाला वाघीण. दिवसभर शेतात राबून आली तरी संध्याकाळी म्हशींचं दूध काढून स्वतः डेअरीवर घालून यायची.

तिचं एकच खूळ होतं. गोड खात नव्हती. गोड आवडत नाही म्हणणारे पुष्कळ असतात, पण ते आग्रह केला की खातात. वहिनी नवी नवरी असताना अव्वानं होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढली, तर तिनं एक घास घेतला आणि उरलेली ताटाखाली सरकवली. आमच्याकडं गोडाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणण्यासारखं. अव्वाला ते लागलं. भातही वहिनी चिमूटभर घ्यायची. मात्र डाळ वाटीवर वाटी, दही, तूप, आणि शेंगा. शेंगांचं तर विचारू नका. भाजलेल्या, उकडलेल्या, चटणी करून, कशाही. अण्णा तिला खार म्हणून चिडवायचा.

"कामून गं, आमच्या गुळात काय इख हाय का?" अव्वा विचारायची.

"तसं न्हाई आत्या. गोड खाल्लं की मला कसंतरीच हुतंय. डोकं जड पडतंय."

सासूला ती आत्या म्हणायची. एक-दोन वर्षांत अव्वानं हार मानली. हार मानली म्हणजे काय, तर सणाला वहिनीसाठी वेगळ्या तिखट पुऱ्या आणि शेंगांची चटणी करायला लागली, आणि सगळ्यांना सांगायची, "आमची सून अशीच हाय, तिला कुणी गोडाचा आग्रह करू नका." आपल्या हातानं तिच्यापुरतं वेगळं करण्यात तिला आता अभिमान वाटत होता. मला त्या दोघींचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी अव्वानं कधी काही वेगळं केलं नव्हतं.

मग त्या पावसाळ्यात गावात पाणी बिघडलं आणि घरोघर कावीळ आली. वहिनीलाही झाली. डोळे पिवळे, अन्नावर वासना नाही. आमच्या भागात काविळीचं पथ्य ठरलेलं आहे आणि ते मोडायची कुणाची टाप नाही: तेल बंद, तूप बंद, डाळ बंद, शेंगा तर पूर्ण बंद. उसाचा रस, ग्लुकोजचं पाणी आणि गोड भात. लिव्हरला विसावा मिळाला पाहिजे आणि साखर पचायला हलकी, असा त्यामागचा हिशेब. गावातल्या बाकीच्यांनी तेच पथ्य केलं आणि ते बरे झाले. कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, त्याचं श्रेय उसाला मिळतं.

वहिनीनं पहिला पेला ओकून टाकला. अव्वा मात्र हटली नाही. गुऱ्हाळवाल्याच्या दारात पहाटे जाऊन उभी राहायची, त्याच्याकडून चरक धुवून घ्यायची, आलं-लिंबू पिळायची आणि रस फडक्यानं गाळून आणायची. मग वहिनीला चमचा चमचा पाजायची. सून बरी व्हावी म्हणून एवढं करणारी सासू मी तरी दुसरी पाहिली नाही.

कावीळ उतरायला लागली आणि वहिनी मात्र बिघडत गेली. दिवस कलला की ती काहीबाही बोलायला लागे. अण्णाला तिनं आपल्या वडिलांच्या नावानं हाक मारली. डेअरीची किटली उशाशी घेऊन झोपली. एकदा तर दूध न्यायला आलेल्या शेजारणीच्या अंगावर चप्पल फेकली. ही वहिनी, जिचा आवाज शेजारच्या खोलीत कधी ऐकू यायचा नाही! सकाळ झाली की जरा भानावर यायची आणि काय झालं म्हणून विचारायची. मग सकाळीसुद्धा भानावर येईना, तेव्हा अण्णानं तिला बिदरच्या दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला.

मी तिसऱ्या प्रहरी पोचले. वहिनी खाटेवर डोळे मिटून, हाताला सलाईन. शेजारी अव्वा, मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात रस.

"बघ की गं, जरा सांग डॉक्टरला," अव्वा म्हणाली. "नळी घालायलेत नाकात. नळीतनं रस दिला तर पोटात जाईल तरी."

तिथला डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी निघाला. मला बघून खुर्चीवरून उठला, रिपोर्ट हातात दिले. कानडीत म्हणाला, "मॅडम, काविळीतून लिव्हर फेल होतंय असं धरून चाललोय. पण मेळ बसत नाही. बिलिरुबिन उतरतंय. रक्त गोठायला हवं तसं गोठतंय. इतकी बेशुद्धी येण्याइतकं लिव्हर खराब दिसत नाही." सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी होती. एवढ्या काटकुळ्या बाईच्या लिव्हरवर चरबी कुठून आली, हेही त्याला कळत नव्हतं.

मी खाटेजवळ गेले. वहिनीनं डोळे किलकिले केले. मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण ओठ हलवून म्हणाली, "शेंगा दे की गं."

"बरी झालीस की पोतंभर खा, माय," अव्वानं तिच्या कपाळावरून हात फिरवला. "आता पथ्य हाय."

माझं लक्ष सलाईनच्या बाटलीकडं गेलं. डेक्स्ट्रोज. म्हणजे साखर. डब्यात साखर, बाटलीत साखर, आणि आयुष्यभर साखर टाळलेली ही बाई शुद्ध नसताना शेंगा मागते आहे. मला माझा तो पेंगणारा तास आठवला.

माझ्या त्या तासातलं एक वाक्य असतं, परीक्षेला न येणारं, म्हणून मीही घाईनं म्हणते. मॅलेट-अ‍ॅस्पार्टेट शटलमध्ये ओझं घेऊन आत जातं ते मॅलेट. आत ओझं उतरलं की त्याचं शेवटी अ‍ॅस्पार्टेट होतं आणि ते बाहेर येतं. ते बाहेर आणणारं प्रथिन लिव्हरमध्ये सिट्रिन नावाचं असतं, आणि काही माणसांत ते जन्मतःच बिघडलेलं असतं. मग अ‍ॅस्पार्टेट आतच अडकतं, फेरी तुटते आणि साखरेचं ओझं अंगणात साचत जातं. आणखी एक घात होतो. लिव्हर अमोनियाचा युरिया करून तो शरीराबाहेर घालवतं, त्या कामालाही बाहेरचं अ‍ॅस्पार्टेट लागतं. ते नसलं की सिट्रुलिन नावाचं द्रव्य रक्तात तुंबतं, अमोनिया चढतो आणि माणूस भ्रमिष्ट होतो. मेंदूच्या आणि स्नायूंच्या शटलमध्ये त्या जागी दुसरं प्रथिन असतं, म्हणून असा माणूस एरवी वाघासारखं काम करतो. आणि असे लोक गोड टाळतात. डाळी, शेंगदाणे, तूप, दही यांवर जगतात, कारण चरबीचं ओझं मुळात मायटोकॉन्ड्रियाच्या आतच तयार होतं, त्याला दार लागत नाही, आणि डाळी-शेंगांत अ‍ॅस्पार्टेट भरपूर.

मी डॉक्टरला बाजूला घेतलं. "अमोनिया बघितलास? आणि रक्तातली अमिनो आम्लं?"

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवत हसला. "मॅडम, खरं सांगू? ते शटल मला तेव्हाही कळलं नव्हतं."

"आता कळून घे. डेक्स्ट्रोज काढ."

त्याचं हसू गेलं. "आणि तुमचं चुकलं तर? लिव्हर फेल होणाऱ्याची साखर तोडली तर साखर तळाला जाऊन मेंदू जाईल. डोळ्यांदेखत ही बाई आपल्या हातून जाईल."

त्याचं बरोबर होतं. पुस्तकात वाचलेला एक दुर्मीळ रोग, मी तो डोळ्यानं कधी पाहिलेला नाही, आणि पणाला लावायची वहिनी. मी म्हटलं, "बोटातलं रक्त घेऊन साखर सारखी बघत राहू. खाली गेली तर लगेच देऊ. पण आज अमोनिया कर."

बर्फात ठेवून नमुना गेला. अमोनिया चढलेला आला, लिव्हरच्या बाकी रिपोर्टांना न शोभेल इतका चढलेला. अमिनो आम्लांचा नमुना हैदराबादला जायचा होता, उत्तराला दिवस लागणार होते. डॉक्टरनं खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडं, आणि सिस्टरला सांगितलं, "ती बाटली काढा." नळीतून साखरेऐवजी पचायला सोपं असं मिडियम चेन तेल सुरू झालं, अमोनिया उतरवणारं आर्जिनिन मागवलं, आणि दर थोड्या वेळानं वहिनीच्या बोटाला सुई.

अव्वाच्या हातातला डबा मीच काढून घेतला. कारण सांगायला शब्द नव्हते आणि वेळही नव्हता. "रस नाही द्यायचा," एवढंच म्हटलं. ती माझ्याकडं अशी बघत राहिली जणू मी आजाऱ्याच्या तोंडचं पाणी काढून घेतलं.

"पोरीला उपाशी मारायलीस, अक्कल हाय का तुला?" ती पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली. "एवढी शिकलीस ते ह्याच्यासाठी?"

मी तिच्यावर ओरडले. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. अण्णा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला कुणाची बाजू घ्यावी ते कळत नव्हतं.

साखर खाली गेली नाही. अमोनिया हळूहळू उतरायला लागला. आणि एका दुपारी वहिनीनं डोळे उघडून अण्णाला नीट ओळखलं आणि विचारलं, "म्हशींचं कोण बघायलंय?" अण्णा, जो बापाच्या मयतीलाही रडला नव्हता, तो पायाशी बसून हुंदके द्यायला लागला. हैदराबादचा रिपोर्ट आला त्यात सिट्रुलिन तुंबलेलं होतं. पुढं जनुकांच्या तपासणीनंही तेच सांगितलं. बिघाड आईकडूनही आला होता आणि वडिलांकडूनही. वहिनीचे आईवडील मामा-भाचीच. आमच्याकडं अशी लग्नं घरोघर होतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

डॉक्टरनं मग मला एक प्रश्न विचारला, ज्याची मी वर्गात इतकी वर्षं वाट बघत होते. "मॅडम, दुसरं शटल आहे ना, ग्लिसरॉल फॉस्फेटचं? ते का नाही धावून आलं?" मला त्याला मिठी मारावीशी वाटली. ते धावून येतंच. तिथं ओझं घेणारा रेणू आत जातच नाही, आतल्या पडद्याच्या बाहेरच्या अंगालाच ओझं उतरवतो आणि मागं फिरतो. त्यात शक्ती थोडी कमी हाती लागते, पण काम चालतं. फक्त माणसाच्या लिव्हरमध्ये हा रस्ता अरुंद आहे. साखर भरमसाट ओतली की ग्लिसरॉल फॉस्फेटच साचतं, त्याची चरबी होऊन लिव्हरवर बसते. गोडाची शिसारीही त्या साचण्यातूनच येत असावी असं आता म्हणतात. बारीक बाईच्या लिव्हरवर चरबी कुठून आली ते त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं.

अव्वाला सांगायचं राहिलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर तीच म्हणाली, "आता सांग, रस कामून बंद केलीस?"

तिला मी डेअरी सांगितली. "आपण दूध घालायला जातो तेव्हा आपली किटली आत जाते का?"

"न्हाई. त्यांच्या कॅनमधी वततेत. किटली आपल्या हाती."

"तसंच साखरेचं. आत जायला कॅन लागतो. आत रिकामा झालेला कॅन परत बाहेर आला पाहिजे. वहिनीच्या लिव्हरमध्ये तो परतच येत नाही. दूध दारातच राहतं आणि नासतं. तूप-शेंगांचं तसं नाही, त्यांचं दूध डेअरीच्या आतच निघतं."

वर्गात मला इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं. अव्वा पदराचा काठ चोळत बसली.

"म्हंजे कॅन न्हाई तिथं मी किटलीवर किटली वतायले हुते," ती म्हणाली. "रोज. आपल्या हातानं."

"अव्वा, सलाईनमध्येसुद्धा साखरच होती. डॉक्टरला कळलं नाही, तुला कुठून कळणार?"

"डॉक्टरची ती कोण लागती?" ती म्हणाली आणि उठून आत गेली. तिला समजलं नसतं तर फार बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. एवढं नीट समजावल्याचा मला रागच आला.

वहिनी घरी आली तेव्हा मी रजा काढून सोबत गेले. अण्णाला आणि तिला दोघांना पढवून ठेवलं: गोड नाही, दारू असलेलं औषध नाही, उपास नाही, आणि उद्या कुठल्याही दवाखान्यात नेलं तरी साखरेचं सलाईन लावू देण्याआधी हा रोग सांगायचा. खाणं तेच, जे ती आधीपासून खात आली होती. तेवढं सोपं होतं.

अवघड निघाली अव्वा. ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेना. बाहेरच्या खोलीत कपाळाला विभूती लावून भिंतीकडं तोंड करून बसायची. स्वयंपाक माझ्यावर आला, आणि माझा स्वयंपाक कसा असतो ते माझ्या होस्टेलच्या मैत्रिणींना विचारा. वहिनीच्या पेल्यात पाणी ओतायलाही अव्वा धजत नव्हती. "तूच दे," म्हणायची. "माझा हात नगं."

पहिल्याच दिवशी दुपारी मी वहिनीला वाढलं. डाळ, त्यावर तूप, पनीर, छोटी भाकरी. ती ताटासमोर बसली आणि जेवेना.

"खारट झालंय का?" मी विचारलं.

"खारट हाय, पर त्याचं न्हाई अक्का. आत्या कामून येईनात?"

"तिला वाटतंय तिच्या हातानं..." मला पुढं बोलता येईना.

वहिनीनं ताट उचललं. अंगात ताकद नव्हती, डाळ हिंदकळत होती, मी धरायला गेले तर मानेनंच नको म्हणाली. भिंतीला धरून धरून बाहेरच्या खोलीत गेली आणि अव्वाच्या पुढ्यात ताट ठेवून बसली. अव्वानं तोंड फिरवलं.

"आत्या, दुखण्यातलं मला कायबी याद न्हाई," वहिनी म्हणाली. "ह्यांना मी काय बोलले, चप्पल कुणाला मारले, कायबी न्हाई. सुई याद न्हाई, नळी याद न्हाई. माझं डोकं मांडीवर घेऊन कुणीतरी माझे केस सोडवायलंय, तेवढं एकच याद हाय. मला वाटायलं की मी मरायले, आणि मग वाटायलं, न्हाई, आत्या हायत."

अव्वानं डोळे पुसले, भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत कालवला आणि हात मध्येच थांबवून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत स्वयंपाकातलं मला तिनं कधी काही विचारलं नव्हतं.

"हे चालतंय का गं तिला?"

"चालतंय, अव्वा."

"तूप जास्त झालं का?"

"नाही. आणखी घाल."

तिनं घास वहिनीच्या तोंडापाशी नेला. वहिनीनं तोंड उघडलं. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच थांबले.